मटका दही, 'प्रोबायोटिक' शब्द आणि लॅक्टोज : प्रकल्प नोंदी, नागपूर

८ एप्रिल

पश्चिम नागपुरातल्या एका महिला बचत गटाचं काम हाती घेतलं. गट रोज २० लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावतो आणि २०० ग्रॅमच्या मातीच्या मटक्यांत विकतो. उन्हाळ्यात मागणी दुप्पट होते, म्हणून नवं झाकण छापायला टाकायचं आहे. झाकणाचा मजकूर त्यांनी तयार ठेवला आहे : 'प्रोबायोटिक दही. पचनशक्ती वाढवते, अॅसिडिटी घालवते, पोटाचे सर्व विकार दूर.' आम्हाला विचारलेला प्रश्न एकच होता, यातलं काय छापता येईल?

आधी शब्दाचा अर्थ. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या केली, तीच थोड्या शब्दबदलाने आजही चालते. जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा संख्येने घेतले असता, ज्यांचा घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा होतो ते प्रोबायोटिक. यात तीन अटी आहेत. जीव जिवंत हवेत, संख्या पुरेशी हवी आणि फायदा माणसांवर तपासून दिसलेला हवा. चौथी अट उघड लिहिलेली नाही, पण तिच्यावाचून तिसरी पूर्ण होत नाही : जीव नेमका कोणता, ते माहीत हवं. फायदा तपासला तो कोणाचा, हे सांगता आलं पाहिजे ना.

म्हणजे दही आंबलेलं आहे, एवढ्याने ते प्रोबायोटिक होत नाही. आंबवण्याचं काम करणारा जीव आणि फायदा सिद्ध झालेला जीव एकच असेल असं नाही. पहिल्या बैठकीत हेच सांगायला सर्वांत जास्त वेळ लागला.

११ एप्रिल

रात्रीची पद्धत प्रत्यक्ष पाहिली, थर्मामीटर लावून.

दूध उकळी आल्यावर मंद आचेवर १० मिनिटं ठेवतात. हे चांगलंच आहे. ८५-९० अंशांवर दुधातली विरघळलेली प्रथिनं उलगडतात आणि केसीनला चिकटतात, त्यामुळे दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सोडतं. नंतर दूध 'बोट ठेवता येईल इतकं' कोमट करतात. बोटाचा अंदाज तीन बायकांचा तीन आला : ३९, ४३ आणि ५१ अंश. यातलं ५१ जास्त आहे. विरजणातल्या बऱ्याच जीवांना एवढी उष्णता मानवत नाही, मग दही सकाळपर्यंत पातळ राहतं आणि दोष दुधाला दिला जातो. आता ४३ अंशांची खूण थर्मामीटरवर लाल रंगाने केली आहे.

विरजण आदल्या दिवशीच्या दह्याचं. १० लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे २ टक्के. प्रमाण ठीक आहे. रात्री ९ वाजता लावतात, सकाळी ७ ला फ्रीजमध्ये ठेवतात. अडचण या १० तासांत आहे. दही पहाटे २ च्या सुमारासच लागलेलं होतं, तेव्हा सामू ४.६ होता. सामू म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं दही आंबट. ७ वाजता तोच सामू ४.० वर आला होता. लागल्यावर जीव थांबत नाहीत, आम्ल करतच राहतात, विशेषतः काडीसारखे लॅक्टोबॅसिलस. एप्रिलमध्ये रात्रीही स्वयंपाकघर ३३ अंशांवर असतं, त्यामुळे आंबटपणाची तक्रार साहजिकच होती.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, पुढे लागेल. मटक्या दोन ठिकाणी ठेवतात. निम्म्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, निम्म्या बाहेरच्या खोलीत कूलरसमोर, 'लवकर आंबट होऊ नये म्हणून'. कच्च्या मातीतून पाणी पाझरतं आणि कूलरच्या वाऱ्याने ते उडतं. ओट्यावरच्या मटकीत मध्यरात्री ३८ अंश होते, कूलरसमोरच्या मटकीत २९.

१५ ते १८ एप्रिल

मोजणी. दोन्ही जागांची मटकी, सकाळी ७ ची.

पद्धत अशी. मटकी निर्जंतुक चमच्याने एकजीव केली, वरची साय आणि खालचं दही सारखं मिसळलं. ११ ग्रॅम दही ९९ मिलिलिटर पेप्टोन-पाण्यात घालून दोन मिनिटं जोरात हलवलं. ही पहिली पायरी, दहापट पातळ. मग दर वेळी १ मिलिलिटर पुढच्या ९ मिलिलिटरमध्ये, असं सातव्या पायरीपर्यंत. प्रत्येक पायरीला पिपेट नवं घ्यायचं. जुनंच वापरलं तर आधीच्या पायरीचे चिकटलेले जीव पुढे जातात आणि आकडा फुगतो. नंतर १ मिलिलिटर ताटलीत टाकून त्यावर ४५ अंशांपर्यंत निववलेला अगार, म्हणजे जीव वाढवायची खाद्याची जेली, ओतला. अगार घाईने ५५ ला ओतला तर तिथेच काही जीव मरतात आणि आकडा पडतो. पहिल्या दिवशीच्या चार ताटल्या याच कारणाने बाद केल्या.

गोल जीवांसाठी एम-१७ अगार, ३७ अंश, ४८ तास. काड्यांसाठी सामू ५.४ केलेला एमआरएस अगार, हवाबंद बरणीत ३७ अंश, ७२ तास. शिवाय एम-१७ च्या जोडताटल्या ४५ अंशांवर ठेवल्या. त्याचं कारण असं की दह्यातले गोल जीव मुख्यतः दोन प्रकारचे असतात. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसला ऊब लागते, तो ४५ ला वाढतो. लॅक्टोकॉकस लॅक्टिसला ३० च्या आसपास मानवतं, ४५ ला तो वाढत नाही. दोघांच्याही वसाहती, म्हणजे ताटलीवर उगवणारे ठिपके, दिसायला सारख्या असतात, तेव्हा तापमानानेच त्यांना वेगळं करावं लागतं.

ओट्यावरची मटकी : सातव्या पायरीच्या दोन ताटल्यांत ३८ आणि ४४ वसाहती, सरासरी ४१. सातवी पायरी म्हणजे एक कोटीवा भाग, म्हणून ग्रॅमला ४१ कोटी गोल जीव. त्यातले ४५ अंशांवर वाढलेले २६ कोटी. काड्या सहाव्या पायरीवर ६२ आणि ७०, सरासरी ६६, म्हणजे ग्रॅमला ६.६ कोटी.

कूलरसमोरची मटकी : गोल जीव ३९ कोटी, जवळपास तेवढेच. पण ४५ अंशांवर वाढले फक्त ७ कोटी, आणि काड्या ८० लाख.

दोन्ही मटक्यांचं दूध एक, विरजण एक, चवही बरी. कूलरसमोरची उलट गोडसर म्हणून जास्त आवडीची. आत मात्र वस्ती वेगळी.

हे आकडे जिवंत जीवांचे आहेत, पण पूर्ण खरे नाहीत. थर्मोफिलस साखळीत राहतो आणि दहा जणांची साखळी ताटलीवर एकच ठिपका होते. म्हणून खरी संख्या आकड्याहून जास्तच असणार. दोन तपासण्यांची तुलना करायची तर हलवण्याचा वेळ सारखा ठेवला पाहिजे.

अस्वच्छता दाखवणाऱ्या कोलिफॉर्म जंतूंची तपासणीही सोबतच केली, एकाही मटकीत आढळले नाहीत.

२२ एप्रिल

आकडे ऐकून गटात आनंद झाला. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत प्रोबायोटिक अन्नासाठी दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीव सांगितले आहेत. २०० ग्रॅमच्या एका मटकीत ते हजारो कोटींनी आहेत. 'मंग काहून नाही लिहायचं, मॅडम?' हा प्रश्न रास्त होता.

अडतं ते नावापाशी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रजातीच्या नावावर भागत नाही, वाण सांगावा लागतो. वाण म्हणजे एकाच प्रजातीतला एक ओळख पटलेला वंश, क्रमांकासह. संत्रं म्हटलं म्हणजे झाडाची हमी मिळत नाही, कलम कोणत्या झाडाचं ते बागायतदार विचारतो, तसंच हे. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा 'जीजी' वाण काही पोटाच्या तक्रारींवर तपासला गेला आहे. त्याच प्रजातीच्या दुसऱ्या वाणाला ते निष्कर्ष लावता येत नाहीत. वाण ओळखून तो मान्य संग्रहात ठेवायचा (दुग्धजीवांचा राष्ट्रीय संग्रह कर्नालला आहे), आम्ल आणि पित्त त्याला सोसतं का ते पाहायचं, तो सुरक्षित आहे का ते पाहायचं आणि मग माणसांवर चाचणी करायची, असा तो क्रम आहे.

घरच्या विरजणाला हे कधीच जमणार नाही, कारण ते रोज बदलतं. कालच्या दह्याचं आजचं विरजण, आजच्याचं उद्याचं. प्रत्येक रात्री जे तापमान मिळेल, त्यात जो जोमाने वाढेल त्याचा वाटा दुसऱ्या दिवशी वाढतो. एका रात्रीत कूलरने वस्ती किती फिरवली ते १८ तारखेला दिसलंच. पंधरा दिवस रोज कूलरसमोरचंच विरजण वापरलं तर थर्मोफिलस नावापुरताच उरेल. म्हणून 'प्रोबायोटिक' शब्द झाकणावरून काढला. दही वाईट आहे म्हणून नव्हे. ज्याचं नाव आपल्याला रोज सांगता येत नाही, त्याच्या गुणाची हमी छापता येत नाही.

२६ एप्रिल

आता उरलेला प्रश्न जास्त कामाचा आहे. नाव नसलं तरी या दह्याचा पचनाला काही उपयोग होतो का? एका बाबतीत होतो, आणि तो चांगला तपासलेला आहे.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती लहान आतड्यात लॅक्टेज या विकराने फुटते. आपल्याकडे बहुसंख्य प्रौढांत हा विकर लहानपणापेक्षा कमी झालेला असतो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, हायड्रोजन वायू होतो, पाणी ओढलं जातं. मग पोट फुगतं, गुडगुडतं, कधी पातळ होतं. 'मला दूध पचत नाही, दही चालतं' असं घरोघरी ऐकू येतं ते यामुळेच.

दही चालतं त्याची कारणं दोन, आणि लोक सांगतात ते लहान आहे. आंबताना लॅक्टोज संपतं असं समजतात. प्रत्यक्षात साधारण पाचवा ते तिसरा हिस्साच वापरला जातो. २०० मिलिलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम लॅक्टोज असेल, तर २०० ग्रॅम दह्यात ७-८ ग्रॅम उरतंच. मोठं कारण जीवांच्या पोटात आहे. थर्मोफिलस आणि काडीसारखा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या जोडीजवळ स्वतःचा लॅक्टोज फोडणारा विकर असतो. दही पोटातल्या आम्लाला काही प्रमाणात थोपवतं आणि जीवांची भिंत आतल्या विकराला जपते. पुढे लहान आतड्यात पित्त लागलं की भिंती सैल होतात आणि विकर तिथेच लॅक्टोजवर काम करतो. म्हणजे या कामासाठी जीवाने आतड्यात घर करायची गरजच नाही. तो फुटला तरी चालतं, किंबहुना फुटला म्हणूनच काम होतं. पण पोटात जाताना तो जिवंत, निदान धड असायला हवा.

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लॅक्टोज न पचणाऱ्यांना १८ ग्रॅम लॅक्टोज एकदा दुधातून आणि एकदा याच जोडीने लावलेल्या योगर्टमधून दिलं. श्वासातला हायड्रोजन योगर्टनंतर दुधाच्या साधारण एक तृतीयांशच निघाला. पुढे २०१० मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने योगर्टचा हा एक दावा मान्य केला, ग्रॅममागे या जोडीचे किमान १० कोटी जिवंत जीव असतील या अटीवर.

इथे कूलरची मटकी पुन्हा समोर येते. ओट्यावरच्या मटकीत २६ कोटी थर्मोफिलस आणि ६.६ कोटी काड्या, मिळून ३२.६ कोटी. अट पार झाली. कूलरसमोरच्या मटकीत ७ कोटी आणि ०.८ कोटी, म्हणजे ७.८ कोटी. अट हुकली, एकूण जीव ४० कोटींच्या घरात असूनसुद्धा. लॅक्टोकॉकस भरपूर आहे, पण त्याची लॅक्टोज वापरायची तऱ्हा वेगळी. तो साखर आत घेतानाच तिला फॉस्फेट जोडतो आणि मग त्या जोडलेल्या रूपावर चालणाऱ्या वेगळ्या विकराने फोडतो. तो फुटून विकर बाहेर पडला तरी आतड्यातलं साधं लॅक्टोज त्याला फोडता येत नाही. त्यामुळे योगर्टवरचे निष्कर्ष अशा दह्याला जसेच्या तसे लावू नयेत.

(काड्या म्हणजे बल्गेरिकसच, हे आम्ही धरून चाललो आहोत. घरगुती विरजणात दुसरे लॅक्टोबॅसिलसही असतात. पण वरच्या निकालात काड्यांचा वाटा इतका लहान आहे की त्याने फरक पडत नाही.)

ज्याला आपल्यावर पडताळून पाहायचं आहे त्याच्यासाठी साधा मार्ग : एका सकाळी उपाशीपोटी २५० मिलिलिटर दूध, साखर न घालता, पुढचे चार तास दुसरं काही खायचं नाही, पोट फुगणं-गुडगुडणं-शौच लिहून ठेवायचं. तीन दिवसांनी तसंच २५० ग्रॅम उबेत लावलेलं दही. दुधाने त्रास आणि दह्याने नाही, तर लॅक्टोजचा संशय घेता येतो. दोन्हींनी सारखाच त्रास होत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं. दुधाची अॅलर्जी असणाऱ्याने हे करूच नये. तिथे भांडण साखरेशी नसून प्रथिनांशी असतं आणि दही तितकंच धोक्याचं. शौचातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांपैकी काही असेल तर प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

३० एप्रिल

कढी-गोळ्यांचा प्रश्न निघणारच होता.

दह्याची कढी उकळीला ९५ अंशांच्या वर जाते. नंतर ताटल्यांवर काही उगवलं नाही. एवढ्या उष्णतेत दह्यातले जीव मरतात आणि विकरही निकामी होतो. त्यामुळे कढी पचायला जड की हलकी हा वेगळा वाद, पण लॅक्टोजसाठी दह्याची जी मदत होते ती कढीत नाही. दही-प्रथिनं, कॅल्शियम, आम्ल हे सगळं शाबूत असतं. गटातल्या एका काकूंनी 'मंग कढीत काईच उरत नाही म्हणा ना' असं म्हटलं, त्यावर बाकीच्या बऱ्याच तुटून पडल्या. चव उरते, हे सर्वानुमते नोंदवलं.

फोडणीच्या मठ्ठ्याचं तसं नाही. एक लिटर थंड मठ्ठ्यात ३० मिलिलिटर तेलाची कडकडीत फोडणी ओतली, तापमान १२ वरून १५ अंशांवर गेलं. तेलाचा चर्रकन आवाज मोठा, पण त्यातली उष्णता एवढ्या पाण्याला पुरत नाही. जीवांची संख्या तीच राहिली. फोडणी देऊन मठ्ठा परत चुलीवर ठेवला तर मात्र गेलं.

पातळ केल्याने काय होतं? एका भागाला तीन भाग पाणी घातलं तर २०० मिलिलिटर ताकात ५० ग्रॅम दही. जीव चौथाई, पण लॅक्टोजही चौथाईच, जेमतेम २ ग्रॅम. एवढं लॅक्टोज बहुतेकांना तसंही सोसतं. ताकाने पोट हलकं वाटतं त्यात जीवांइतकाच पाण्याचा आणि मिठाचा हात आहे, विशेषतः मे महिन्यात नागपुरात दुपारी.

४ मे

साठवण. ओट्यावरच्या घाण्याच्या मटक्या ४-५ अंशांवर ठेवून मोजत होतो. सातव्या दिवशी ४५ अंशांवरचे गोल जीव २४ कोटी, काड्या ३.१ कोटी. दहाव्या दिवशी २२ कोटी आणि १.९ कोटी. आधी काड्या कमी होतात, कारण त्यांनीच केलेलं आम्ल त्यांना बाधतं. मिळून दहाव्या दिवशीही १० कोटींच्या वर आहेत. चव मात्र आठव्या दिवसानंतर विकण्याजोगी नाही, सामू ३.८. जीव संपायच्या आधी गिऱ्हाईक संपतं. मुदत ७ दिवस ठरवली.

वाटपातली अडचण वेगळी. दुपारी १ ते ४ रिक्षात, बाहेर ४४ अंश. या तीन तासांत जीव कमी होत नाहीत. मटकीतलं दही ३५-३८ ला येतं, म्हणजे त्यांच्यासाठी उत्तम हवा. फक्त दही आणखी आंबट होतं आणि पाणी सोडतं. वर साचलेलं पाणी म्हणजे दही खराब झालं असं नाही. बुडबुडे, झाकण फुगणं, यीस्टचा दारूसारखा वास, गुलाबी किंवा हिरवे ठिपके, हे मात्र टाकून देण्याचे इशारे. ठिपके काढून उरलेलं वापरू नये. बर्फाचे पॅक असलेला थर्माकोलचा डबा घेतला.

९ मे

झाकणावरचे आणि बोलण्यात येणारे उरलेले दावे एकेक करून तपासले.

'अॅसिडिटी घालवते' : दह्याचा सामू चारच्या आसपास असतो. थंड दही गिळताना बरं वाटतं आणि प्रथिनं थोडा वेळ आम्ल शोषतात, पण छातीतली जळजळ घालवण्याचा आधार नाही. काहींना आंबट दह्याने जळजळ वाढते. काढला.

'पोटाचे सर्व विकार' : यावर फार बोलावं लागलं नाही. अमेरिकेच्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये, दह्याचं सोडा, कॅप्सूलमधल्या नेमक्या वाणांचाही आढावा घेतला. इरिटेबल बॉवेल, क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या आजारांसाठी संशोधनाबाहेर प्रोबायोटिक देण्याची शिफारस त्यांनी केली नाही. मुलांच्या अचानक जुलाबात जीजी वाणाची कॅप्सूल आणि दुसरं एक दोन-वाणी मिश्रण यांच्या मोठ्या चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत साध्या बनावट औषधापेक्षा फायदा दिसला नाही. मूल जुलाबाने आजारी असताना दहीभात खुशाल द्यावा, कारण ते जेवण आहे आणि अशा वेळी जेवण बंद करू नये. पण उपचार म्हणजे ओआरएस आणि झिंक (सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस). दही या दोन्हींच्या जागी देऊ नये.

'आतड्यात चांगले जंतू वाढवते' : खाल्लेले जीव आतड्यातून जाताना भेटतात, पण मुक्काम करत नाहीत. दही बंद केलं की काही दिवसांत ते शौचात सापडेनासे होतात. म्हणून आठवड्यातून एक वाटी 'साठा' म्हणून खाण्यात अर्थ नाही. लॅक्टोजचा उपयोग त्या त्या जेवणापुरताच असतो, दूध सकाळी आणि दही रात्री असंही तो चालत नाही.

अँटिबायोटिक आणि दही, हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला. बहुतेक अँटिबायोटिकं दह्यातल्या जीवांनाही मारतात. अँटिबायोटिकाने होणारे जुलाब टाळण्याचा आधार काही ठरावीक वाणांना आहे, त्यात सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्टही आहे (यीस्ट असल्याने अँटिबायोटिक त्याला मारत नाही). वाटीभर घरच्या दह्याला तो आधार नाही. उलट एक अपाय ठाऊक असायला हवा. दह्यातलं कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लीनसारख्या गोळ्यांना बांधतं आणि औषध रक्तात कमी पोचतं. सिप्रोफ्लॉक्सासिन दह्याच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावं. 'गोळी गरम पडते म्हणून दह्याबरोबर घेतो' ही सवय त्या गोळीचं काम अर्धवट करते.

केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या व्यक्तीने किंवा मोठ्या रक्तवाहिनीत नळी असलेल्या रुग्णाने घरचं विरजण किंवा प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्वचित, पण हे जीव रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत.

१४ मे

पद्धत बदलली ती अशी. विरजण आता थर्मोफिलस-बल्गेरिकसच्या कोरड्या पाकिटातलं. पाकिटातून पहिलं मूळ विरजण करायचं, त्यातून आठवडाभर रोजचं घ्यायचं, आणि दर सोमवारी जुनं सोडून पुन्हा पाकिटापासून सुरुवात. दूध ४३ अंशांवर, विरजण २ टक्के. मटक्या थर्माकोलच्या मोठ्या पेटीत, कूलरपासून लांब. ४ ते ५ तासांत सामू ४.६ आला की लगेच फ्रीज. रात्री ९ चं काम पहाटे ३ ला नेलं, म्हणजे सकाळी ८ ला दही तयार आणि आंबटही नाही. पहाटे उठण्यावरून कुरकुर आहे, पण पाळी लावून घेतली.

नव्या पद्धतीचा पहिला घाणा : ४५ अंशांवरचे गोल जीव ५२ कोटी, काड्या ११ कोटी. सामू ४.४. मातीच्या मटकीचा वास आणि घट्टपणा तसाच. चव थोडी 'दुकानातल्यासारखी' झाली, असं तीन जणींचं मत. ते खरं आहे. लॅक्टोकॉकसबरोबर लोण्यासारखा जो वास येतो तो कमी झाला.

झाकणाचा मजकूर : 'म्हशीच्या दुधाचं मटका दही. जिवंत विरजण. ५ अंशांखाली ठेवा. ७ दिवसांत वापरा.' लॅक्टोजचं वाक्य झाकणावर नाही. आरोग्याचा कोणताही दावा छापायचा तर २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांप्रमाणे आधार दाखवावा लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक घाण्याची मोजणी गटाला परवडणारी नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर तोंडी सांगायचं ते ठरलं : 'दुधाने पोट फुगत असेल तर हे दही पाहा, कढी करू नका, तसंच खा.'

उरलेलं काम : डिसेंबरचा घाणा. तेव्हा रात्री स्वयंपाकघर १५-१६ अंशांवर जातं आणि थर्माकोलची पेटी एकटी पाच तास ऊब धरणार नाही. ६० वॉटचा दिवा आणि थर्मोस्टॅट लावलेली पेटी ऑक्टोबरमध्ये करून पाहायची आहे. ४३ वरून सुरुवात करून पाच तासांनी मटकीच्या मधोमध ३८ च्या खाली जाता कामा नये.